घरून काम, डेटा आपला: कंपनीकडे खर्च कसा मागावा?

नमस्कार ताई,

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. पुण्याच्या एका कंपनीसाठी विमा दाव्यांची कागदपत्रं तपासायचं काम घरून करते. लॅपटॉप कंपनीचा आहे, पण नेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. गावात फायबर अजून आलेलं नाही. रोजचा डेटा दुपारीच संपतो, मग वरून पॅक मारावा लागतो. एचआरला यूपीआयचे स्क्रीनशॉट पाठवून पैसे मागितले, तर "हा तुमचा वैयक्तिक मोबाइल खर्च आहे" एवढंच उत्तर आलं. आई म्हणते, "हक्कना पैसा मांगाले कसानी लाज?" पण जास्त ताणलं तर पुण्याला या म्हणतील, अशी भीती वाटते. पत्र कसं लिहू? वापराचा हिशोब कसा दाखवू?

– एक वाचक, अमळनेर तालुका

नमस्कार,

जळगावला एका कंपनीच्या लेखा विभागात मी बरीच वर्षं खर्चाची बिलं तपासली आहेत, त्यामुळे तुमचे स्क्रीनशॉट त्या टेबलावर गेल्यावर काय झालं असेल ते मला दिसतंय. यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरून इतकंच कळतं की अमुक तारखेला तुमच्या खात्यातून इतके रुपये गेले. तो रिचार्ज कोणत्या नंबरचा, कोणत्या प्लॅनचा, आणि त्यातला किती डेटा कंपनीच्या कामाला लागला, यातलं काहीच त्यावर नसतं. बिल तपासणाऱ्या माणसाला उद्या ऑडिटरला उत्तर द्यायचं असतं, म्हणून जिथे शंका येते तिथे तो "वैयक्तिक" असा शेरा मारून मोकळा होतो. तुमची मागणी चुकीची ठरलेली नाही, ती फक्त अजून सिद्ध झालेली नाही.

हक्काबद्दल आधी स्पष्ट सांगते. खासगी नोकरीत घरून काम करणाऱ्याचा इंटरनेट खर्च मालकाने भरलाच पाहिजे, असा थेट कायदा आपल्याकडे नाही. सगळं तुमच्या नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतं. म्हणून पत्राला बसण्याआधी नेमणूकपत्र आणि घरून काम सुरू झालं तेव्हाचा मेल, दोन्ही पुन्हा वाचा. "कामासाठी आवश्यक खर्च पूर्वपरवानगीने दिला जाईल" अशा अर्थाचं एखादं वाक्य अनेकदा सापडतं. सापडलं तर पत्रात त्याचा उल्लेख करा. नाही सापडलं तर तुमचं पत्र ही विनंती आहे, आणि विनंतीचा जोर हिशोबात असतो.

हिशोब कसा मांडायचा, यावरच सगळं अडतं. बहुतेक जण वापराच्या प्रमाणात पैसे मागतात: एकूण डेटापैकी 66 टक्के कामाला लागला, तेव्हा बिलाचे 66 टक्के द्या. वरवर हे बरोबर वाटतं. पण रिचार्ज जीबीच्या भावाने मिळत नाही. त्या 28 दिवसांच्या पॅकमध्ये कॉल असतात, एसएमएस असतात, तुमचा नंबर चालू राहतो. काम नसतं तरी तुम्ही कोणता तरी पॅक मारलाच असता. लेखा विभागातला माणूस नेमकं यावरच बोट ठेवतो आणि मग टक्केवारीवर वाद सुरू होतो.

त्याऐवजी एकच प्रश्न घ्या: हे काम नसतं तर मी कोणता रिचार्ज केला असता? तो खर्च तुमचा. त्याच्यावर जो खर्च झाला तो कामाचा. याला वाढीव खर्च म्हणू. यात कधी कधी टक्केवारीपेक्षा थोडे कमी पैसे मिळतात, पण ही मागणी टिकते. कारण स्वतःचा भाग तुम्ही आधीच बाजूला काढलेला असतो आणि "यात तुमचा घरचा वापर किती?" हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

आकडे घेऊन बघू. हे नमुन्याचे आहेत, तुमचे याच्या जागी घाला. समजा काम लागण्याआधी तुम्ही ₹299 चा, 28 दिवसांचा, रोज 1.5 जीबीचा पॅक मारत होता. आता ₹349 चा, रोज 2 जीबीचा घेता, आणि कामाच्या दिवशी तोही पुरत नाही म्हणून 6 जीबीचे ₹69 चे पॅक वरून मारता. 2 जून ते 29 जून या 28 दिवसांत असे सहा पॅक लागले, म्हणजे ₹414. एकूण खर्च ₹763. त्यातून आधीचे ₹299 वजा केले की वाढीव खर्च ₹464 उरतो. प्रमाणाच्या पद्धतीने हाच आकडा ₹505 च्या आसपास आला असता. मधल्या एक्केचाळीस रुपयांसाठी अख्खा दावा वादात टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता वापर मोजायचा कसा. तुमच्याकडे दोन मीटर आहेत, एक लॅपटॉपमध्ये आणि एक फोनमध्ये. पुढे करायचा तो लॅपटॉपचा. कंपनीच्या लॅपटॉपवर फक्त कंपनीचं काम होत असेल, तर त्याने ओढलेला प्रत्येक एमबी कामाचाच. फोनच्या हॉटस्पॉटचा आकडा मात्र भावाने अभ्यासाला हॉटस्पॉट जोडला तरी वाढतो, म्हणून तो फक्त पडताळ्यासाठी ठेवा.

विंडोजच्या लॅपटॉपवर Settings उघडून Network & internet मध्ये Data usage बघा (विंडोज 11 मध्ये ते Advanced network settings च्या आत असतं). तिथे तुमच्या हॉटस्पॉटचं नाव निवडलं की मागच्या 30 दिवसांचा आकडा दिसतो. इथे घोळ होतो तो असा, की हे 30 दिवस रोज पुढे सरकतात. आज पाहिलेला आकडा परवा पाहिला तर त्यातून जुने दोन दिवस गळून पडलेले असतात. पॅक मारला त्या दिवशी हे आकडे पुसून शून्यावर आणा आणि मग दर शुक्रवारी काम संपलं की त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. या शुक्रवारच्या आकड्यातून मागच्या शुक्रवारचा वजा केला की त्या आठवड्याचा वापर मिळतो. कंपनीने ही सेटिंग बंद ठेवली असेल तर आयटी विभागाला मेल करून तुमच्या लॅपटॉपचा डेटा वापर मागवा. तो मेल तुमच्या स्क्रीनशॉटपेक्षा भक्कम पुरावा ठरतो.

अँड्रॉइड फोनमध्ये मोबाइल डेटाच्या वापराच्या पानावर अॅपनिहाय यादी असते, आणि त्यात Hotspot & tethering अशी किंवा त्यासारख्या नावाची वेगळी ओळ असते. फोनचं चक्र महिन्याच्या तारखेवर चालतं आणि तुमचा पॅक 28 दिवसांवर, त्यामुळे दोन्ही कधीच जुळत नाहीत. त्यावर उपाय आहे. पॅक 2 तारखेला सुरू झाला तर फोनमधल्या चक्राची तारीख 2 करा. 29 तारखेला रात्री झोपण्याआधी एकूण वापर आणि हॉटस्पॉटची ओळ, दोन्ही टिपून घ्या. मग पुढचा पॅक ज्या तारखेला सुरू होईल ती तारीख तिथे टाका. दर वेळी तारीख बदलावी लागते, पण काम दोन मिनिटांचं आहे.

नमुन्यात लॅपटॉपवर चार आठवड्यांचे आकडे असे आले असं धरू: 13.4, 12.8, 15.1 आणि 10.7 जीबी. बेरीज 52 जीबी. फोनवर हॉटस्पॉटची ओळ 53.6 जीबी दाखवते आणि एकूण वापर 78.5 जीबी. लॅपटॉप आणि फोन यांच्यात असा थोडा फरक राहणारच, कारण दोघांची मोजायची रीत अगदी सारखी नसते आणि मध्येच घरातलं कोणी हॉटस्पॉटला जोडलं गेलेलं असतं. पत्रात लहान आकडा लिहा. वरचे 1.6 जीबी घरच्या खात्यात गेले तरी तुमच्या मागणीत एक रुपयाचाही फरक पडत नाही.

यानंतर एक प्रश्न हमखास येतो, आणि चांगला हिशोब तिथेच ओळखू येतो. तुम्ही डेटा घेतला 92 जीबी (रोजचे 2 जीबी धरून 56, वर 36) आणि वापरला 78.5. मग वरचे पॅक मारलेच कशाला? उत्तर रोजच्या कोट्यात आहे. शनिवार, रविवार आणि एक रजा मिळून 9 दिवस काम नव्हतं. त्या दिवसांचा 18 जीबी कोटा होता, घरचा वापर झाला साधारण साडेआठ जीबी. उरलेले साडेनऊ रात्री बारा वाजता गेले, ते सोमवारच्या कामाला येत नाहीत. उलट कामाच्या 19 दिवसांत घरचा आणि कामाचा मिळून 70 जीबी लागला, त्यातला कोट्यातून 38 मिळाला आणि 32 वरच्या पॅकमधून आला. पॅकमध्ये 4 जीबी शिल्लक राहिले. साडेनऊ आणि चार मिळून साडेतेरा, म्हणजे 92 आणि 78.5 यांच्यातला नेमका फरक. हा मेळ बसला की तुमच्या आकड्यांवर कोणी शंका घेत नाही. बसला नाही तर पत्र पाठवण्याआधी कुठे चुकतंय ते शोधा. बहुतेकदा एखादा पॅक दोनदा लिहिलेला असतो किंवा मुदत संपून वाया गेलेला असतो.

रोज पावणेतीन जीबी कशाला लागतात, हेही पुण्यातल्या वायफायवर बसलेल्या साहेबांना सांगावं लागतं. 1 एमबीपीएस वेगाने सलग तासभर डेटा वाहिला की 450 एमबी होतात. कॅमेरा चालू ठेवून गटाच्या मीटिंगला जाणारा आणि येणारा मिळून दीड एमबीपीएस धरला, तर एका तासाला पावणेसातशे एमबी गेले. त्यावर दिवसभर स्कॅन केलेली कागदपत्रं उघडायची, तपासायची, परत चढवायची. पत्रात एवढं सगळं नको, एक वाक्य पुरे. मात्र तुमच्या कामात जे जास्त डेटा खातं त्याचं नाव घ्या. तिसऱ्या आठवड्यात 15.1 जीबी झाले ते प्रशिक्षणामुळे, असं लिहिलं की तो आकडा आपोआप समजतो.

पत्राआधी खर्च कमी करायचाही प्रयत्न केलेला दिसू द्या. विंडोजमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या माहितीत Metered connection चालू केलं की मोठे अपडेट सहसा आपसूक उतरत नाहीत आणि वनड्राइव्हही थांबतो. हे आयटी विभागाला सांगून करा, कारण सुरक्षेचे अपडेट फार दिवस अडवून ठेवणं कंपनीला चालणार नाही. "आयटीच्या संमतीने ही सेटिंग चालू केली आहे" हे वाक्य पत्रात असलं की तुम्ही कंपनीचा पैसा जपून वापरता हे न सांगता कळतं.

पावत्यांचं सांगते. गावातल्या दुकानातून रिचार्ज मारलात तर कागद मिळत नाही, पण सिम कंपनीच्या अॅपमध्ये तुमच्या नंबरखाली रिचार्जचा इतिहास असतो. तिथून नंबर, प्लॅन, तारीख आणि रक्कम दिसेल अशी पावती उतरवून घ्या. प्रीपेडच्या रकमेत जीएसटी धरलेलाच असतो, तेव्हा वर 18 टक्के लावू नका. कॉलचा तपशील असलेलं बिल पाठवायची काहीच गरज नाही, तुम्ही कोणाशी बोलता याच्याशी कंपनीचा संबंध नाही. तसंच फोनमधल्या अॅपच्या यादीचा अख्खा स्क्रीनशॉट देऊ नका. एकूण वापर आणि हॉटस्पॉटची ओळ एवढंच कापून ठेवा. यूपीआयचा कागद मागितलाच तर बँक खात्याचे तपशील झाकून द्या.

आपल्याकडे गावात सिम बऱ्याचदा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतं. तुमचं तसं असेल तर ते पत्रात आधीच लिहा. लपवलं आणि पावतीवर दुसरं नाव निघालं, तर एवढ्या एका कारणावर दावा परत येतो.

आता पत्र. आधी ते तुमच्या थेट वरिष्ठांना दाखवा आणि त्यांच्यामार्फत पाठवा. एचआर सहसा त्यांनाच विचारते की या बाईंना एवढा डेटा खरंच लागतो का. कार्यालयाचा व्यवहार इंग्रजीत असेल तर भाषा बदला, क्रम हाच ठेवा.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
(रिपोर्टिंग मॅनेजर यांच्यामार्फत)

विषय: घरून कामासाठी झालेल्या वाढीव मोबाइल डेटा खर्चाची मागणी, 2 जून ते 29 जून

महोदय,

मी दावा तपासणी विभागात घरून काम करते. कंपनीचा लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. याआधी मी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कामाचा आणि घरचा वापर वेगळा दाखवलेला नव्हता. तो वेगळा करून एका रिचार्ज चक्राचा पूर्ण हिशोब सोबत देत आहे.

कंपनीच्या लॅपटॉपवरील डेटा वापर:
2 ते 6 जून: 13.4 जीबी
9 ते 13 जून: 12.8 जीबी
16 ते 20 जून: 15.1 जीबी (व्हिडिओ प्रशिक्षण)
23 ते 27 जून: 10.7 जीबी (एक दिवस रजा)
एकूण, कामाचे 19 दिवस: 52 जीबी

याच काळात माझ्या नंबरवरील एकूण वापर 78.5 जीबी आहे. उरलेला 26.5 जीबी वापर घरचा असून त्याची मागणी मी करत नाही.

खर्च:
28 दिवसांचा पॅक, रोज 2 जीबी: ₹349
6 जीबीचे वाढीव पॅक, 6 नग: ₹414
एकूण: ₹763
वजा, काम नसताना मी घेत असलेला पॅक: ₹299
मागणीची रक्कम: ₹464

रोजचा कोटा मध्यरात्री संपतो, सुट्टीच्या दिवशीचा उरलेला डेटा कामाच्या दिवशी वापरता येत नाही. त्यामुळे कामाच्या दिवशी वाढीव पॅक घ्यावे लागले. खर्च आटोक्यात राहावा म्हणून आयटी विभागाच्या संमतीने लॅपटॉपवर मीटर्ड कनेक्शन चालू ठेवले आहे.

कृपया या चक्राचे ₹464 मंजूर करावेत. पुढील काळासाठी, दर 28 दिवसांच्या रिचार्ज चक्राला ₹500 च्या मर्यादेत, पावत्या आणि वापराचा हिशोब पाहून वाढीव खर्च देण्यास मान्यता द्यावी. कंपनीने डेटा सिम दिल्यास तेही मला चालेल.

सोबत: सात रिचार्ज पावत्या, लॅपटॉप आणि फोनवरील वापराचे स्क्रीनशॉट, कामाआधीच्या पॅकची एक पावती.

आपली,
(नाव, कर्मचारी क्रमांक, तारीख)

या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ती शेवटची जुनी पावती. ₹299 चा आकडा तुम्ही मनाने घेतलेला नाही हे दाखवणारं दुसरं काहीच तुमच्याकडे नाही. काम लागण्याआधीची पावती अॅपमध्ये मागे जाऊन शोधा. तोच पॅक आता महाग झाला असेल तर आजची किंमत वजा करा, जुनी नाही. नाहीतर दरवाढीचा भारही तुम्ही कंपनीवर टाकताय असं दिसेल.

"दर महिन्याला" न लिहिता "दर 28 दिवसांच्या चक्राला" लिहिलंय तेही मुद्दाम. वर्षात असे रिचार्ज तेरा होतात. महिन्याच्या हिशोबाने मंजुरी आली तर बारा वेळा पैसे मिळतील आणि एका चक्राचा खर्च दर वर्षी तुमच्या अंगावर पडेल.

तुमच्या भीतीबद्दल. या पत्रात रेंज जाते, भारनियमनात टॉवर बसतो, पावसाळ्यात नेट रडतं, यातलं काहीही लिहू नका. त्या अडचणी खऱ्या आहेत हे मला इथे राहून चांगलं ठाऊक आहे. पण खर्चाच्या पत्रात त्या आल्या की वाचणाऱ्याच्या मनात पैशाचा प्रश्न मागे पडतो आणि "यांचं काम तिथून नीट होतंय का?" हा दुसराच प्रश्न पुढे येतो. तसंच कंपनी पुण्यातल्या जागेचं भाडं वाचवते, हा मुद्दाही नको. तो खरा असला तरी त्यावरून तुलना सुरू होते, आणि तुम्हाला नको असलेलं बोलणं तिथूनच निघतं. ₹464, त्याच्या पावत्या आणि पुढची ₹500 ची मर्यादा, एवढ्यावरच राहा. इतक्या छोट्या आणि मोजलेल्या रकमेसाठी कोणी शहाणा वरिष्ठ चांगल्या माणसाची जागा हलवत नाही.

कंपनी कदाचित म्हणेल की पावत्या तपासत बसण्यापेक्षा पगारात ठोक भत्ता देतो. तो घेण्याआधी एक गोष्ट विचारा. बिलाप्रमाणे भरून मिळालेला फोनचा प्रत्यक्ष खर्च साधारणपणे तुमच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही, पण ठोक भत्ता पगाराचा भाग होतो आणि त्यावर कर लागू शकतो. तुमचं उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नसेल तर भत्ता सोयीचा. येत असेल तर पावत्यांची कटकट सोसा. त्यांच्या लेखा विभागाकडून हे लेखी समजून घ्या.

मंजुरी आली की पुढच्या चक्रापासून कामासाठी दुसरं सिम घ्या, स्वतःच्या नावावर. बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. लॅपटॉप फक्त त्या सिमच्या डेटावर चालवा, घरच्यांना त्याच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड देऊ नका. मग वजाबाकी करायची गरजच राहत नाही, त्या नंबरची अख्खी पावती कामाची. पण मंजुरीआधी ते घेऊ नका. नाही म्हणाले तर दुसऱ्या सिमचा खर्चही तुमच्याच खिशातून जाईल.

मागच्या महिन्यांचे पैसेही मागावेत का, हे तुमच्या मनात असेल. ज्या काळाचा लॅपटॉपचा आकडा तुमच्याकडे नाही, त्याची मागणी या पत्रात घालू नका. अंदाजाचा एक आकडा शेजारी बसला की मोजलेले आकडेही अंदाजाचे वाटायला लागतात. एक चक्र मंजूर झालं की वेगळ्या मेलमध्ये विचारता येईल, तेही फक्त वाढीव पॅकच्या पावत्यांपुरतं. कंपनीची दावे घेण्याची मुदत किती आहे ते मात्र आत्ताच बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी मार्चअखेर गेली की त्या आर्थिक वर्षाची बिलं घेत नाहीत.

पत्र पाठवल्यावर सात-आठ कामाचे दिवस थांबा आणि मग त्याच मेलवर एका ओळीत विचारणा करा. वरिष्ठांनी फोनवर "हो, देऊ" म्हटलं, तर त्याच दिवशी त्यांना मेल टाका: "आज बोलणं झाल्याप्रमाणे दर 28 दिवसांना ₹500 पर्यंतचा वाढीव डेटा खर्च पावत्यांवर मिळेल, असं मी समजते." वरिष्ठ बदलले तरी तो मेल राहतो, आणि पुढच्या प्रत्येक दाव्यासोबत तोच जोडायचा असतो.